दोन्ही काप वाटीसारखे, तरी वाटी नाही

मशीन लर्निंगच्या कोर्सच्या जाहिरातींत एक चित्र नेहमी दिसतं. गुळगुळीत वाटी, आणि काठावरून तळाकडे घरंगळणारी गोटी. उतारावरून खाली जात राहा, सर्वांत खालचा बिंदू मिळेलच, असं त्यातून सुचवलेलं असतं. फलन बहिर्वक्र, म्हणजे इंजिनिअर मंडळींच्या बोलीत कॉन्व्हेक्स, असेल तर यात बरंच तथ्य आहे. ज्या न्यूरल नेटवर्कसाठी हे चित्र छापतात, त्यांची फलनं सहसा तशी नसतात, हे मात्र जाहिरात सांगत नाही.

आलेखावरचे कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले आणि तो रेषाखंड कुठेही आलेखाच्या खाली गेला नाही, तर फलन बहिर्वक्र. एकाच चलाचं फलन असेल तर बारावीचं गणित पुरतं: दुसरा विकलज सगळीकडे शून्य किंवा धन हवा. दोन चलं आली की बहुतेक जण हीच कसोटी दोनदा लावतात, एकदा x साठी, एकदा y साठी. आणि तिथेच फसतात.

`x² + 3xy + y²` घ्या. y स्थिर ठेवून x च्या दिशेने दुसरा विकलज २ येतो, y च्या दिशेनेही २. दोन्ही काप वाटीसारखे. आता तिरके चाला, `y = -x` या रेषेवरून. फलन उरतं `x² - 3x² + x² = -x²`. ही तर पालथी वाटी!

म्हणजे प्रत्येक दिशा तपासायला हवी, आणि दिशा तर अनंत. यातून सुटका करणारी युक्ती मला फार आवडते, कारण ती शाळेतल्या पूर्ण वर्गाचीच आहे. x च्या दिशेचा दुसरा विकलज a, y च्या दिशेचा c, आणि आधी x ने, मग y ने विकलन करून मिळणारा मिश्र विकलज b म्हणू. (p, q) या दिशेने चालताना वक्रता असते `ap² + 2bpq + cq²`. a धन असेल तर हीच राशी अशी लिहिता येते:

`a(p + bq/a)² + ((ac - b²)/a) q²`

पहिलं पद कधीच ऋण होत नाही. पण `p = -bq/a` ही दिशा निवडली की ते शून्य होतं आणि सगळा भार दुसऱ्या पदावर पडतो. म्हणून `ac - b²` शून्य किंवा धन हवं. a, b, b, c या चार संख्यांच्या सारणीचा हा निश्चयक, आणि ती सारणी म्हणजे हेसियन. एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती ओटो हेस यांच्यावरून हे नाव पडलं. वरच्या उदाहरणात `2·2 - 3² = -5`, म्हणून ते नापास.

a शून्य असेल तर ही मांडणी चालत नाही. `-y²` मध्ये a शून्य, निश्चयकही शून्य, तरी फलन पालथंच आहे. म्हणून a, c आणि `ac - b²` या तिन्ही राशी ऋण नाहीत ना, हे पाहायचं. एवढं झालं की कोणत्याही दिशेला वक्रता ऋण नसते.

आता प्रश्न ‘सगळीकडे’ या अटीचा. हॉवर्ड रोझेनब्रॉक यांनी १९६० मध्ये मांडलेलं फलन पाहा: `(1-x)² + 100(y-x²)²`. त्याची किमान किंमत शून्य, आणि तीही फक्त (1, 1) वर. दुसरा कुठला खड्डाही नाही. आकडेमोड केली तर `a = 2 - 400y + 1200x²`, `b = -400x`, `c = 200`. निश्चयक येतो `400 - 80000(y - x²)`.

(1, 1) वर तो ४००, अगदी ठणठणीत. (-1, 1) वरही ४००. पण y ची किंमत `x² + 0.005` च्या वर गेली की तो ऋण होतो. खात्री हवी असेल तर व्याख्येकडे परत जा. (-1, 1) वर फलनाची किंमत ४, (1, 1) वर ०, म्हणजे जोडरेषेच्या मध्यावर उंची २. त्याच मध्यबिंदूवर, (0, 1) वर, फलन मात्र १०१! दोन्ही टोकांना हेसियन पास, आणि मधे फलन जोडरेषेच्या ९९ ने वर.

संगणकावर जाळी आखून लाखभर बिंदूंवर हेसियन तपासणारे असतात. एक ऋण बिंदू सापडला तर निकाल लागला, फलन बहिर्वक्र नाही. पण लाखही पास झाले तरी सिद्ध काहीच होत नाही, कारण दोन बिंदूंच्या मधे काय आहे ते जाळीला दिसत नाही. तिथे वरच्यासारखी असमानता हातानेच सोडवावी लागते. शिवाय फलन ज्या प्रदेशावर घेतलंय तो स्वतः बहिर्वक्र हवा. रोझेनब्रॉकचा निश्चयक ज्या भागात ऋण नाही, तो भाग परवलयाखालचा आहे. (-1, 1) आणि (1, 1) दोन्ही त्यात असूनही त्यांना जोडणारी रेषा त्यातून बाहेर पडते.

ही तपासणी वगळली तर न्यूटनची पद्धत, म्हणजे उताराला दुसऱ्या विकलजाने भागून पुढचं पाऊल ठरवणारी पद्धत, चुकीचं पाऊल टाकते. (0, 1) पासून सुरुवात केली तर x च्या दिशेला उतार उजवीकडे आहे, किमान बिंदूही उजवीकडेच, `x = 1` वर. पण तिथे `a = -398`. उताराला या ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, आणि पद्धत x ला `-0.005` च्या आसपास नेते, डावीकडे.