ग्रो बॅग म्हणून घेतलीत, ती नक्की कापडी आहे का?

ठाण्यातल्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात एकाच आकाराच्या तीन कुंड्यांमध्ये मिरचीची रोपं होती. एक मातीची, एक काळी प्लास्टिकची आणि तिसरी ग्रो बॅग, म्हणजे रोपं लावायची पिशवी. माती तीच, रोज सकाळी पाणीही तेवढंच.

दुपारी तीनला प्लास्टिकमधलं रोप मान टाकायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तहानलंय ते, पाणी घाल." बोट खुपसलं, तर माती चांगली ओली! कुंडी उपडी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढला, तेव्हा कारण कळलं. पश्चिमेच्या बाजूची मुळं तपकिरी आणि मऊ, सावलीकडची पांढरी. काळं प्लास्टिक ऊन शोषतं आणि भिंतीतून पाणी उडत नाही, त्यामुळे कडेची माती तापते. भाजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर ती कुजतात. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळलं आणि खाली दोन विटा ठेवल्या, की फरक पडतो.

मातीची कुंडी माठासारखी वागते. भिंतीतून पाणी झिरपून उडतं, म्हणून मुळं गार राहतात, पण पाणी लवकर संपतं. बाहेरून रंग दिलात तर हा फायदा बराचसा गेला. भिंतीवर पांढरे थर आले, तर ते बहुधा पाण्यातले आणि खतातले क्षार असतात, बुरशी नव्हे.

खरा गोंधळ ग्रो बॅगचा. नर्सरीत मिळणारी हिरवी, विणल्यासारखी दिसणारी पिशवी बहुतेकदा प्लास्टिकचीच असते. पाणी फक्त तळाच्या भोकांतून जातं, म्हणजे ती पातळ भिंतीची प्लास्टिक कुंडीच. कापडी बॅग हाताला फेल्टसारखी, जाड घोंगडीसारखी लागते. पाणी भरून पाहा, चारी बाजू ओल्या झाल्या तर ती कापडी. तिच्यात मुळाचं टोक कडेला आलं की हवेने सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. प्लास्टिकमध्ये तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत राहतं.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. कापडी बॅग चारी बाजूंनी सुकते, मेमध्ये दोनदा पाणी लागतं. शिवाय मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल आणि ते एकदा कोरडंठाक झालं की पाणी कडेने निसटून खाली वाहतं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. बॅग उचलून पाहा. पाणी घालूनही हलकी लागली तर आत पोचलेलंच नाही. मग थोडं घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा घालायचं.

जूनमध्ये पाऊस लागला की हिशेब उलटतो. कापडी बॅगेत पाणी साचत नाही, पण खत धुऊन जातं, म्हणून आम्ही दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत घालतो. प्लास्टिकची कुंडी मात्र त्या दिवसांत पत्र्याखाली सरकवतो.