द्विपद वितरणाच्या तक्त्यामागची गोष्ट

बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून हल्ली प्रश्न येतो तो फोटोच्या रूपात. X च्या किमती आणि त्यांच्या संभाव्यता असलेला तक्ता, खाली ‘अपेक्षित मूल्य काढा’, आणि सोबत विचारणा: इथे द्विपद वितरणाच्या सरासरीचे np, म्हणजे प्रयत्नांची संख्या गुणिले यशाची संभाव्यता, लावू का? हा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण प्रश्नात दोन वेगवेगळ्या काळांतल्या कल्पना एकत्र आलेल्या असतात.

त्यातली जुनी कल्पना अपेक्षित मूल्याची. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला तो अर्धवट सुटलेल्या जुगारातले पैसे कसे वाटायचे यावर. १६५७ मध्ये डच गणिती ह्युगेन्स यांनी त्याच विचाराला पुस्तकाचे रूप दिले. त्यांच्या दृष्टीने अपेक्षा म्हणजे त्या खेळात उतरण्याची रास्त किंमत: प्रत्येक फळ गुणिले त्याची संभाव्यता, आणि सगळ्यांची बेरीज. प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, अशी अट या बेरजेला कधीच नव्हती.

द्विपद सूत्र व्यवस्थित मांडले ते बाझेलच्या याकोब बर्नुली यांनी. १७०५ मध्ये ते वारले आणि त्यांचा ग्रंथ १७१३ मध्ये छापला गेला. त्यात ह्युगेन्सचे पुस्तक टीकेसह घेतलेले आहे. एका प्रयत्नात यश येण्याची संभाव्यता p असेल, तर n प्रयत्नांत r वेळा यश येण्याची संभाव्यता आज आपण अशी लिहितो:

P(X = r) = nCr · p^r · q^(n−r), q = 1 − p

प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येक प्रयत्नाचे निकाल दोनच, p प्रत्येक वेळी तोच आणि प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र, या चार अटींवर हे सूत्र उभे आहे. एखादी मोडली की सूत्र उत्तर देते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते.

प्रत्यक्ष मोजणीशी पडताळा घेण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधल्या वेल्डन या जीवशास्त्रज्ञाचे. १२ फासे २६,३०६ वेळा टाकून, दर वेळी किती फाशांवर ५ किंवा ६ आले याचा तक्ता त्यांनी १८९४ मध्ये गाल्टन यांना पाठवला. फासे चोख असतील तर p = १/३, म्हणजे दर फेकीला सरासरी ४ यायला हवेत. एकूण ३,१५,६७२ फाशांत १,०५,२२४ यशे अपेक्षित होती, आली १,०६,६०२. सरासरी निघाली ४.०५. फरक चिमूटभर वाटतो, पण इतक्या फाशांवर तो प्रमाण विचलनाच्या पाचपटीहून जास्त आहे. योगायोगावर ढकलता येत नाही. १९०० मध्ये कार्ल पिअरसन यांनी आकडे अपेक्षेशी जुळतात का हे तपासणारी काय-वर्ग कसोटी मांडली तेव्हा हीच आकडेवारी वापरली. p = १/३ ऐवजी ०.३३७७ धरले की वितरण द्विपदाशी चांगले जुळते. म्हणजे सूत्र खरे होते, p चुकीचा होता. याचे नेहमी दिले जाणारे कारण असे: ठिपके कोरून काढलेले असल्यामुळे जास्त ठिपक्यांची बाजू किंचित हलकी होते आणि वर येते.

आता फोटोकडे. समजा तक्त्यात X = ०, १, २, ३ साठी ०.१६६७, ०.५०००, ०.३०००, ०.०३३३ दिले आहेत आणि प्रश्न म्हणतो: पेटीत १० बल्ब, ३ खराब, ४ काढले, X म्हणजे त्या चारांतले खराब. पहिले काम बेरीज करणे. ती १ भरते, म्हणजे फोटोत ओळ कापली गेलेली नाही आणि तक्ता संचयी नाही. संचयी तक्त्यात आकडे चढत जाऊन शेवटी १ होतात. मग अपेक्षित मूल्य: ०.५ + ०.६ + ०.१ = १.२. आणि np = ४ × ०.३ हेही १.२!

इथेच बरेच जण तक्ता द्विपद आहे असे मानून मोकळे होतात. पण n = ४ असलेल्या द्विपदात X = ४ ची संभाव्यता ०.००८१ असायला हवी होती आणि X = १ ची ०.४११६. प्रचरणही बोलके आहे: X² ची अपेक्षा ०.५ + १.२ + ०.३ = २, त्यातून १.४४ वजा करून ०.५६ उरते, तर npq येते ०.८४. बल्ब परत न ठेवता काढले आहेत, त्यामुळे पहिला खराब निघाला की दुसरा खराब निघण्याची संभाव्यता ३/१० वरून २/९ वर येते. स्वातंत्र्याची अट मोडली.

तरी १.२ बरोबरच आले, कारण चारही बल्बांपैकी कुठलाही एक सुटा पाहिला तर तो खराब असण्याची संभाव्यता ०.३ च आहे, आणि अपेक्षांची बेरीज करायला स्वातंत्र्य लागत नाही. प्रश्न फक्त सरासरीचा असेल तर np चालते. ‘नेमके दोन खराब’ विचारले की तक्त्यातले ०.३००० घ्यायचे, सूत्राचे ०.२६४६ इथे चूक. पेटीत १०,००० बल्ब आणि ३,००० खराब असते, तर चार काढल्याने प्रमाण जवळपास हलले नसते आणि द्विपदाचा तक्ता खुशाल वापरता आला असता.