लेव्हलिंग व बेअरिंगची आकडेमोड (सर्वेक्षण)

लेव्हलिंग व बेअरिंगची आकडेमोड म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकी पदविकेच्या सर्वेक्षण विषयातील दोन पायाभूत गणिते. पहिल्यात स्टाफच्या, म्हणजे बिंदूवर उभ्या धरलेल्या मोजपट्टीच्या, वाचनांवरून बिंदूंची रिड्यूस्ड लेव्हल (आरएल) काढतात. दुसऱ्यात होकायंत्राने घेतलेल्या बेअरिंगमधून, म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या रेषांच्या दिशाकोनांतून, लोकल अट्रॅक्शनचा दोष काढून टाकतात. कोल्हापुरातील तंत्रनिकेतनांत ही उदाहरणे फळ्यावर आणि मैदानावर अशी दोन्हीकडे सोडवून घेतली जातात. दोन्हींत गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जात नाही. विद्यार्थी अडतो तो पडताळ्यापाशी. पडताळा कोणती चूक पकडतो आणि कोणती सोडून देतो हे कळले की ही दोन्ही प्रकरणे हाताशी येतात, म्हणून या नोंदीत भर त्यावर आहे.

आरएल म्हणजे कशापासूनची उंची

आरएल ही उंची ठरवून घेतलेल्या पातळीपासून, म्हणजे डेटमपासून, मोजतात. वर्गातल्या उदाहरणात बेंचमार्कला, म्हणजे ज्या बिंदूपासून सुरुवात करतात त्याला, बहुधा १००.००० मीटर देऊन टाकतात. तो आकडा गृहीत असतो, त्याचा समुद्रसपाटीशी संबंध नसतो. कोल्हापूरकरांना दुसऱ्या एका उंचीची सवय आहे: पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. हे फूट बंधाऱ्यावरच्या पट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. ४३ फूट म्हणजे सुमारे १३.१ मीटर, पण त्यावरून एखाद्या घराच्या जोत्याला पाणी लागेल का हे सांगता येत नाही. त्यासाठी पट्टीच्या शून्याचा आरएल आणि जोत्याचा आरएल, दोन्ही एकाच डेटमवर हवेत.

एक पान लेव्हलिंगचे

खालचे उदाहरण उताराच्या मैदानावरचे आहे. ऑटो लेव्हल, म्हणजे आडव्या रेषेत पाहणारी दुर्बीण, दोन ठिकाणी लावली आणि ती हलवताना स्टाफ जिथे ठेवला तो चेंज पॉइंट म्हणजे 'क'. बीएस म्हणजे बॅकसाइट, उपकरण लावल्यावरचे पहिले वाचन; एफएस म्हणजे फोरसाइट, त्या जागेवरचे शेवटचे वाचन; आयएस म्हणजे इंटरमीजिएट साइट, मधली वाचने. सर्व आकडे मीटरमध्ये आहेत.

| बिंदू | बीएस | आयएस | एफएस | एचआय | आरएल |
|---|---|---|---|---|---|
| बेंचमार्क | १.४१५ | | | १०१.४१५ | १००.००० |
| अ | | १.८६० | | | ९९.५५५ |
| ब | | २.२३५ | | | ९९.१८० |
| क | ०.९४५ | | २.६८० | ९९.६८० | ९८.७३५ |
| ड | | १.५२० | | | ९८.१६० |
| इ | | | १.९८५ | | ९७.६९५ |

बेंचमार्कच्या आरएलमध्ये बॅकसाइट मिळवली की दुर्बिणीच्या आडव्या रेषेची उंची, म्हणजे एचआय, मिळते. त्या जागेवरून घेतलेले प्रत्येक वाचन या एचआयमधून वजा केले की त्या बिंदूचा आरएल येतो. 'क'वर उपकरण हलले. स्टाफ मात्र तिथेच उभा राहिला आणि त्यावर आधी फोरसाइट, मग नव्या जागेवरून बॅकसाइट घेतली. म्हणून एकाच ओळीत दोन वाचने आली आणि एचआय बदलला. नवशिक्या विद्यार्थ्याची सर्वांत नेहमीची चूक इथे होते: 'ड'चे वाचन तो जुन्याच एचआयमधून वजा करतो.

आता पडताळा. बॅकसाइटची बेरीज २.३६०, फोरसाइटची ४.६६५, फरक उणे २.३०५. शेवटच्या आरएलमधून पहिला वजा केला तरी उणे २.३०५. दोन्ही जुळले की बहुतेक विद्यार्थी 'चेक ओके' लिहून पान उलटतात.

पण समजा 'ब'ची वजाबाकी करताना हातचा चुकला आणि ९९.१८०ऐवजी ९९.२८० लिहिले गेले. वरचा पडताळा तरीही जुळतो, कारण त्यात इंटरमीजिएट साइट कुठेच येत नाही. 'क'चा आरएल 'ब'वरून काढलेला नाही, तो थेट एचआयवरून आला आहे. त्यामुळे 'ब'ची चूक पुढे सरकत नाही आणि म्हणूनच दिसतही नाही. दहा सेंटिमीटरची ही चूक गटाराच्या उतारात शिरली तर पाणी तुंबते.

राइज अँड फॉल पद्धत इथे उपयोगी पडते. तिच्यात लागोपाठच्या दोन वाचनांचा फरक काढतात. याच पानावर पाचही फरक उताराचे आहेत: ०.४४५, ०.३७५, ०.४४५, ०.५७५ आणि ०.४६५. त्यांची बेरीज २.३०५, म्हणजे पडताळ्याशी जुळणारी. इथे 'अ' ते 'ब' हा फरक ०.३७५ऐवजी ०.२७५ लिहिला गेला तर फॉलची बेरीज २.२०५ होते आणि चूक त्याच क्षणी उघडी पडते. वेळ जास्त लागतो खरा, पण मधले बिंदू महत्त्वाचे असतील तर हीच पद्धत घ्यावी.

एचआय पद्धतीतही मधल्या वजाबाक्या तपासता येतात, फक्त ते फार थोडे जण करतात. पहिला सोडून सर्व आरएलची बेरीज (४९३.३२५), इंटरमीजिएट साइटची बेरीज (५.६१५) आणि फोरसाइटची बेरीज (४.६६५) एकत्र केल्यास ५०३.६०५ येतात. दुसऱ्या बाजूला, पहिल्या एचआयवरून तीन आरएल काढले आणि दुसऱ्यावरून दोन, म्हणून १०१.४१५ गुणिले ३ अधिक ९९.६८० गुणिले २. तेही ५०३.६०५. 'ब' चुकला असता तर डावी बाजू बरोबर ०.१०० ने वाढली असती.

जी चूक कोणताच हिशेब पकडत नाही

हे सर्व पडताळे कागदावरची आकडेमोड तपासतात. स्टाफ खरोखर काय दाखवत होता हे त्यांना माहीत नसते. 'ब'वर २.२३५ असताना वाचणाऱ्याने २.३३५ वाचले, तर राइज अँड फॉलमध्ये एक फरक ०.४७५ होतो आणि पुढचा ०.३४५. एक दहा सेंटिमीटरने वाढला, दुसरा तेवढाच घटला. बेरीज २.३०५च राहते आणि सगळे पडताळे जुळतात. दशांशाचा आकडा असा चुकणे अगदी सहज घडते, विशेषतः स्टाफ जवळ असून दुर्बिणीच्या क्षेत्रात डेसिमीटरचा आकडा दिसत नसेल तेव्हा.

चेंज पॉइंटवर अशी चूक झाली तर ती पकडण्याचा मार्ग आहे: पुन्हा बेंचमार्कपर्यंत लेव्हल आणून बंद करणे. बंद करताना राहिलेला फरक साधारण कामात 'किलोमीटरमधील अंतराचे वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर' या मर्यादेत असावा असे पाठ्यपुस्तकांत धरतात. पाव किलोमीटरच्या फेरीला ही मर्यादा १२ मिलिमीटर येते, म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक लपणार नाही. मधल्या बिंदूंना मात्र हा मार्गही उपयोगी नाही, कारण फेरी बंद होते ती चेंज पॉइंटवरून. 'ब'ची खात्री हवी असेल तर दुसऱ्या जागेवरून त्यावर पुन्हा स्टाफ धरून आरएल जुळवावा लागतो. फील्डबुकमध्ये आधी वाचन लिहून मग पुन्हा एकदा दुर्बिणीत बघणे ही त्याआधीची स्वस्त खबरदारी.

बेअरिंगची दुरुस्ती

होकायंत्राच्या कामात पडताळा सुरुवातीपासूनच हाताशी असतो. एखाद्या रेषेची सुरुवातीच्या टोकावरून घेतलेली फोर बेअरिंग आणि दुसऱ्या टोकावरून घेतलेली बॅक बेअरिंग यांत १८० अंशांचा फरक हवा. नसेल तर, वाचन चुकलेले नाही असे धरून, त्या रेषेच्या एका किंवा दोन्ही टोकांना सुई ओढली गेली आहे असे समजतात. यालाच लोकल अट्रॅक्शन म्हणतात. विजेचा खांब, लोखंडी कुंपण, उभी केलेली ट्रॉली, वाचणाऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या ही नेहमीची कारणे. कोल्हापूर, पन्हाळा, जोतिबा हा सगळा दख्खनच्या बेसॉल्टचा मुलूख आहे आणि बेसॉल्टमध्ये चुंबकीय लोहखनिज असते, म्हणून उघड्या खडकावर लोखंड जवळ नसतानाही सुई फिरू शकते.

प्रिझमॅटिक होकायंत्राने घेतलेल्या चौकोनी ट्रॅव्हर्सची, म्हणजे जोडलेल्या रेषांच्या बंद फेरीची, ही वाचने पाहा:

| रेषा | फोर बेअरिंग | बॅक बेअरिंग | फरक |
|---|---|---|---|
| अब | ६०°३०′ | २४०°३०′ | १८०°००′ |
| बक | १४८°००′ | ३२९°३०′ | १८१°३०′ |
| कड | २३४°००′ | ५१°३०′ | १८२°३०′ |
| डअ | ३१७°३०′ | १३८°३०′ | १७९°००′ |

'अब'चा फरक नेमका १८० आहे, म्हणून अ आणि ब ही ठाणी निर्दोष धरायची. 'बक'ची फोर बेअरिंग 'ब'वर घेतली, तेव्हा १४८°००′ बरोबर आहे आणि 'क'वरून ३२८°००′ यायला हवे होते. आले ३२९°३०′. म्हणजे 'क'वर प्रत्येक वाचन दीड अंशाने जास्त येते आणि तिथली दुरुस्ती उणे १°३०′. 'क'वरच घेतलेली 'कड'ची फोर बेअरिंग त्यामुळे २३२°३०′ होते. तिची बॅक बेअरिंग ५२°३०′ हवी, 'ड'वर मिळाले ५१°३०′, म्हणून 'ड'ची दुरुस्ती अधिक १°००′. 'डअ' आता ३१८°३०′ झाली. तिची बॅक बेअरिंग १३८°३०′ यायला हवी आणि 'अ'वर वाचलेलीही तेवढीच आहे. फेरी जुळली.

दुरुस्ती रेषेला नसते, ठाण्याला असते. हे एक वाक्य पक्के झाले की निम्म्या चुका जातात. विद्यार्थी 'बक'चा फरक १८१°३०′ पाहून तो दीड अंश त्याच रेषेवर वाटून टाकतो, आणि 'क'वर घेतलेली 'कड'ची बेअरिंग तशीच राहते.

राहिली चिन्हाची चूक. समजा 'क'वर दीड अंश वजा करण्याऐवजी मिळवला. मग 'कड' २३५°३०′, 'ड'ची दुरुस्ती अधिक ४°००′, 'डअ' ३२१°३०′, आणि 'अ'वर १४१°३०′ हवे असे उत्तर निघते. प्रत्यक्षात तिथे १३८°३०′ आहे. तफावत तीन अंशांची, म्हणजे 'क'च्या दोषाच्या बरोबर दुप्पट. शेवटची तफावत एखाद्या ठाण्याच्या दुरुस्तीच्या दुप्पट दिसली तर आधी तिथले चिन्ह तपासावे, सगळे उदाहरण पुन्हा सोडवत बसू नये.

एकाच ठाण्यावरची सर्व वाचने सारखीच सरकतात, म्हणून आतले कोन लोकल अट्रॅक्शनने बिघडत नाहीत. 'क'वरची कच्ची वाचने घेतली तरी ३२९°३०′ वजा २३४°००′ म्हणजे ९५°३०′ येतात, आणि दुरुस्त केलेल्या बेअरिंगवरूनही तेवढेच. या चौकोनाचे कोन ७८°००′, ९२°३०′, ९५°३०′ आणि ९४°००′ असून बेरीज ३६० अंश आहे. बेरीज जुळली नसती तर दोष सुईचा नव्हे, वाचनाचा असता.

या पडताळ्यालाही एक आंधळी जागा आहे. अ आणि ब दोन्ही ठाण्यांवर सुई सारख्याच दिशेने, सारखीच ओढली गेली, उदाहरणार्थ दोन्ही एकाच लांब लोखंडी कुंपणालगत असतील, तर 'अब'चा फरक १८०च येतो. मग आपण दोषी ठाणीच निर्दोष धरून बाकीची दुरुस्त करतो. कोनांची बेरीज ३६०, फेरीही जुळलेली, पण पूर्ण आकृती तेवढ्या अंशांनी फिरलेली. वहीत याचा कुठेही मागमूस राहत नाही. म्हणून ठाणी ठरवताना निदान एक रेषा कुंपण, खांब आणि इमारतींपासून दूर मोकळ्यावर घेतात, तिचा फरक १८० आला तरच तिच्यापासून दुरुस्ती सुरू करतात, आणि ती कोणती रेषा होती हे फील्डबुकच्या शेऱ्यात लिहून ठेवतात.