एचपीच्या निम्मे केव्हीएआर?

“सगळ्या मोटर मिळून ५० एचपी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारायला २५ केव्हीएआरचा कपॅसिटर. जास्त झाला तरी बिघडत नाही. बरोबर ना?”

नाही. हिशेब पाटीवरच्या एचपीवर नाही, मीटरवरच्या चालू लोडवर करायचा. उद्यमनगरातलं एक लेथ-वर्कशॉप धरा. दिवसा लोड २५ किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८०, न्यायचा ०.९८ वर. सूत्र असं:

kVAr = kW × (tan φ1 − tan φ2)

०.८० ला tan φ1 ०.७५, ०.९८ ला tan φ2 ०.२०. २५ × (०.७५ − ०.२०) म्हणजे साधारण १४. बाजारात १५ घ्या, झालं.

खरी गोची रात्रपाळीत. एकच मशीन चालू, लोड ५ किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.६. गरज जेमतेम ७ केव्हीएआरची आणि लाइनवर २५ ठोकलेले! उरलेले १८ उलटे वाहतात, पॉवर फॅक्टर ‘लीड’ होऊन ०.२६ वर कोसळतो. मीटरवर लीड दिसलं की समजा, कपॅसिटर जास्त झालाय. म्हणून ५-५ चे तीन टप्पे आणि ते लोडप्रमाणे आपोआप चालू-बंद करणारं एपीएफसी पॅनल. रात्री एकच टप्पा राहिला की ०.९५ मिळतो.

कपॅसिटर थेट मोटरच्या टर्मिनलवर जोडत असाल, तर तो मोटरच्या नो-लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपुढे नको. नाहीतर स्विच बंद केल्यावर फिरती मोटर जनरेटरसारखी वागून जादा व्होल्टेज काढते.