खोकल्यापासून सुरू झालेल्या आजीच्या गोळ्या

घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं तपासून घ्यायची असतील तर यादी करून आणू नका, पिशवी भरून आणा, असं मी दुकानात येणाऱ्यांना नेहमी सांगतो. पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे आणि शिक्षणाने मी फार्मसिस्ट आहे. यादीत माणूस तेवढंच लिहितो जे त्याच्या लेखी औषध असतं. चूर्ण, काढा, चघळायची मुळी, शेजारणीने दिलेली 'ताकदीची' गोळी, गुडघा दुखला की घ्यायची गोळी, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पावडर, हे काहीच यादीत येत नाही. पिशवीत मात्र सगळं येतं. कात्रीने कापलेल्या, तारीख निघून गेलेल्या पट्ट्याही येतात.

सिडकोत राहणाऱ्या एक आजी, वय ७४, नातवाबरोबर अशीच पिशवी घेऊन आल्या. तक्रार एकच, थकवा फार वाटतो आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पिशवीतून निघालं ते असं: थायरॉइडची थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम, रक्तदाबासाठी रामिप्रिल आणि अॅम्लोडिपिन, लघवी वाढवणारी टॉर्सेमाइड, पित्तासाठी पँटोप्राझोल, कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन, कॅल्शियम, लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पावडर, गुडघ्यासाठी अॅसिक्लोफिनॅक, आणि तळाशी कागदाच्या पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या. पुडी बाजूला ठेवत आजी म्हणाल्या, "ते औषध नाही रे बाबा, ते असंच, घशाला."

बहुतेक लोक इथे कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते ते बघायला लागतात. मी आधी तारखा लावतो. प्रत्येक गोळीसमोर तीन गोष्टी लिहायच्या: कधी सुरू झाली, कुणी दिली आणि त्या वेळी तक्रार काय होती. आजींना महिने आठवत नव्हते, पण नातवाच्या मोबाइलमध्ये प्रत्येक चिठ्ठीचा फोटो होता आणि फोटोला तारीख होती. तारखेप्रमाणे गोळ्या ओळीने मांडल्या तेव्हा अर्ध्याअधिक गोळ्या एकाच साखळीतल्या निघाल्या.

थायरॉइडची गोळी जुनी, ७५ मायक्रोग्रॅमची. अनेक वर्षं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची मात्रा पुरते का ते सांगणारा रक्तातला आकडा, व्यवस्थित होता. मागच्या ऑगस्टमध्ये रक्तदाब वाढलेला सापडला आणि रामिप्रिल सुरू झाली. नोव्हेंबरात कोरडा खोकला लागला. नाशिकची थंडी सुरू झाली होती, त्यामुळे खोकल्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण हा खोकला होळी झाली तरी गेला नाही. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव, रात्री जास्त. रामिप्रिलच्या गटातल्या औषधांचा हा ठरलेला दुष्परिणाम आहे. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो मोडणारं विकर हे औषध अडवतं, म्हणून तो साठतो आणि श्वासनलिका चाळवते. साधारण दहातल्या एकाला असा खोकला होतो. तो गोळी सुरू झाल्यावर लगेच न होता कित्येकदा काही महिन्यांनी लागतो, म्हणून गोळीशी त्याची गाठ कुणी घालत नाही.

खोकल्यासाठी डिसेंबरात आजींनी मेन रोडवरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमध आणला आणि दिवसभर तोंडात ठेवायला लागल्या. घसा मऊ व्हायचा, हे खरंच आहे. पण ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडात पोचलं की तिथलं एक विकर त्याला निष्प्रभ करतं. ग्लिसिरायझिन नेमकं तेच विकर बंद पाडतं. मग मोकळं राहिलेलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. याचा परिणाम म्हणून रक्तदाब चढतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली आहे, पण मुळीत त्याचं प्रमाण मुळीगणिक बदलतं, त्यामुळे किती काड्या चालतील हे घरी ठरवता येत नाही. सर्दीत चार दिवस ज्येष्ठमध चघळणं वेगळं आणि रक्तदाबाच्या माणसाने तो महिनोन्‌महिने चघळणं वेगळं.

फेब्रुवारीत रक्तदाब पुन्हा १६०च्या वर गेला. डॉक्टरांना ज्येष्ठमधाची कल्पना नव्हती. त्यांनी योग्य तेच केलं, दुसरी गोळी जोडली, अॅम्लोडिपिन. दोन महिन्यांत दोन्ही घोट्यांना सूज आली. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा. अॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करते, नीला मात्र तशाच राहतात. वरून पाट मोठा सोडला आणि खालची चारी तेवढीच ठेवली की पाणी वाफ्यात मुरतं, तसं केशवाहिन्यांतलं पाणी घोट्याच्या पेशींभोवती झिरपतं. या सुजेत शरीरातलं पाणी वाढलेलं नसतं, ते जागा सोडून बसलेलं असतं. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीचा तिथे फारसा उपयोग होत नाही. आजींच्या बाबतीत ज्येष्ठमधाने धरून ठेवलेलं थोडं पाणीही त्यात मिसळलेलं असणार.

एप्रिलमध्ये दुसऱ्या दवाखान्यात सूज दाखवली. तिथे इको आणि लघवीची तपासणी झाली. हृदय आणि मूत्रपिंड ठीक निघाले, आणि टॉर्सेमाइड सुरू झाली. सूज किंचित उतरली, पण पोटॅशियमची गळती वाढली. एका बाजूने ज्येष्ठमध, दुसऱ्या बाजूने टॉर्सेमाइड. रामिप्रिल स्वतः पोटॅशियम थोडं वर ठेवते, तरीही आजींच्या अहवालात ते ३.२ होतं. किमान ३.५ हवं. रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते ते बहुधा यामुळेच.

गोळे येतात म्हणजे कॅल्शियम कमी, असा आपल्याकडे पक्का समज आहे. जूनमध्ये कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन सुरू झाली. आजी सगळ्या गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेत. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि थायरॉक्सिन रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. आधीपासून चाललेली पित्ताची गोळीही पोटातलं आम्ल कमी करून या शोषणात थोडी आडवी येते. ऑगस्टमध्ये टीएसएच वाढून ९.८ आला, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडत होतं. थकवाही होताच. थायरॉइडची मात्रा ७५ची १०० झाली.

पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा साखळीविषयी सविस्तर लिहिलं होतं: एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं. आजींच्या प्रत्येक डॉक्टरने समोरच्या तक्रारीवर दिलेलं औषध त्या तक्रारीपुरतं बरोबरच होतं. मागचे महिने मात्र कुणाच्याच टेबलावर नव्हते.

ही साखळी सोडवायची कशी, हे दुकानदाराने किंवा नातवाने ठरवायचं नाही. मी तारखांचा तक्ता एका पानावर लिहून दिला आणि तो घेऊन ते आजींच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. सगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांवर शेवटचा शब्द एकाचा असला पाहिजे, नाहीतर एकाने बंद केलेली गोळी दुसरा पुन्हा लिहितो.

डॉक्टरांनी एका वेळी एकच बदल केला. सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. पहिला गेला ज्येष्ठमध, पण त्याचा परिणाम उतरायला एक-दोन आठवडेही लागतात. मग रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन. ही गोळी रक्तदाब उतरवते, पण तिच्यामुळे ब्रॅडिकायनिन साठत नाही. खोकला बंद व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्यात 'याने फरक नाही' म्हणून गोळी सोडायची नाही. घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहायचा, आणि आजींसारख्या माणसाचा तो उभं राहिल्यावरही मोजायचा, कारण औषध जास्त झालं तर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. आकडे खाली यायला लागल्यावर अॅम्लोडिपिन आधी निम्मी झाली, मग बंद. घोटे उतरल्यावर टॉर्सेमाइड बंद. ती थांबवताना रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा धाप लागली तर लगेच दाखवायचं.

इथे एक सावधगिरी सहज निसटते. ज्येष्ठमध आणि टॉर्सेमाइड ही पोटॅशियम कमी करणारी दोन्ही कारणं गेली आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवते. म्हणजे कालपर्यंत कमी असलेलं पोटॅशियम उद्या जास्त होऊ शकतं, आणि जास्त पोटॅशियम हृदयाला अधिक घातक. म्हणून प्रत्येक बदलानंतर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन पुन्हा तपासलं.

थायरॉइडचंही तसंच. थायरॉक्सिन सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर किमान चार तासांनी. आजींना सोपं जावं म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर ठेवलं आणि मल्टिव्हिटॅमिन बंद केली. पण आता शोषण सुधारल्यावर १०० मायक्रोग्रॅम जास्त ठरणार. वय झालेल्या माणसाला थायरॉक्सिन जास्त झालं की छाती धडधडते, हृदयाची लय बिघडू शकते, हाडं झिजतात. डॉक्टरांनी मात्रा पुन्हा ७५ केली आणि टीएसएच सात आठवड्यांनी करायला सांगितला. त्याआधी केलेला टीएसएच नव्या मात्रेचं खरं चित्र दाखवत नाही.

ड जीवनसत्त्वाच्या पावडरीचा कोर्स ८ आठवड्यांचा लिहिला होता, आजी वर्षभर घेत होत्या. ती थांबवून रक्तातलं कॅल्शियम तपासलं.

राहिली अॅसिक्लोफिनॅक. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि अशी वेदनाशामक, या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो: शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आकसते आणि बाहेर नेणारी सैल पडते, त्यामुळे गाळायला लागणारा दाबच उरत नाही. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर लघवी एकदम कमी होते. आजींना आता दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल, दिवसाला ठरवून दिलेल्या मर्यादेत, आणि गुडघ्यावर चोळायला जेल. पित्ताची गोळी मुळात वेदनाशामकाबरोबर सुरू झाली होती. तीही हळूहळू कमी करायची आहे, कारण एकदम बंद केली की काही आठवडे जळजळ उलटून वाढते आणि माणूस पुन्हा तीच गोळी मागतो.

पिशवी रिकामी करायची म्हणून घरीच गोळ्या बंद करू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि काही नावं मुद्दाम लिहून देतो. स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ करणारी गोळी, मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके आवरणारी गोळी, स्टेरॉइड, फिट्सचं औषध आणि वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी. यातली कुठलीही अचानक थांबली तर आठवड्याच्या आत दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते. आजींची अॅटोरव्हास्टॅटिनही म्हणूनच हलवली नाही. पोटऱ्या दुखण्याचा संशय तिच्यावरही होता, पण पोटॅशियम जागेवर आल्यावर गोळे येतात का ते आधी बघायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. टीएसएचची तारीख आणि हे बघायच्या भेटीची तारीख एकच आहे.