प्रेशर टँकचे कट-इन आणि कट-आउट

घरगुती विहिरीचा किंवा बोअरचा पंप ज्या दाबाला आपोआप चालू होतो तो कट-इन आणि ज्या दाबाला बंद होतो तो कट-आउट. अमेरिकेत खासगी विहिरींवर ३०/५० किंवा ४०/६० पीएसआय ही जोडी सर्रास दिसते. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी उतरत असल्याने हा प्रश्न मुख्यतः प्रेशर पंप बसवलेल्या बंगल्यांतच येतो.

नळ उघडला की पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होऊ लागतो, याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यामुळे वारंवार सुरू होण्याने वाइंडिंग तापते आणि पंप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात. लहान पंप एकदा सुरू झाल्यावर निदान एक मिनिट तरी चालावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हे मिनिट पंपाला जोडलेल्या प्रेशर टँकमधल्या हवेच्या हातात असते. टँकमध्ये रबरी फुगा असतो, त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. टँक रिकामा असताना हवेचा दाब कट-इनपेक्षा २ पीएसआय कमी ठेवतात. ८० लिटरचा टँक घेऊ. ३०/५० ची जोडी आणि २८ पीएसआय हवा असेल, तर पंप बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत सुमारे २४ लिटर पाणी मिळते. हवा गळून १० पीएसआयवर आली, तर हेच पाणी १४ लिटरच्या आसपास उरते. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप, नळ बंद असताना, तेवढे सुमारे २० सेकंदांत भरून थांबतो. खरे तर हवा पुरेशी असतानाही त्याला ३५ सेकंदच लागतात. म्हणजे या पंपाला हा टँक मुळातच लहान आहे.

म्हणून स्विचला हात लावण्याआधी हवा तपासावी. वीज बंद करून टँकमधले पाणी पूर्ण काढावे आणि टायरच्या गेजने दाब पाहावा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आले, तर फुगा फाटला आहे; स्विचचा नट कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

नेहमीच्या स्विचमध्ये मोठ्या स्प्रिंगचा नट दोन्ही दाब बरोबरच वर-खाली नेतो, तर लहान स्प्रिंगचा नट फक्त कट-आउट हलवतो. वरच्या उदाहरणातल्या टँकमध्ये कट-आउट ६० वर नेला, तर पाणी सुमारे ३० लिटर होते. मात्र पंपाला तो दाब गाठता आला पाहिजे, नाहीतर तो थांबतच नाही आणि आतले पाणी तापत राहते. कट-इन वाढवला तर हवाही वाढवावी लागते. उलट, हवा कट-इनपेक्षा जास्त झाली, तर पंप चालू व्हायच्या आधीच नळाची धार क्षणभर तुटते.