शिवायला टाकण्याआधी कापड भिजवून घ्या

परभणीतल्या आमच्या दुकानात वर्षाकाठी काही कपडे परत येतात आणि जवळपास प्रत्येकाबरोबर एकच वाक्य येतं, "दादा, माप चुकलं तुमचं." आम्ही वही काढतो. वहीत कुडत्याची उंची ४२ इंच लिहिलेली असते. कुडत्याला टेप लावला की ४० भरते. दिला त्या दिवशी तो ४२च होता, तुम्ही घालूनही बघितला होता. मधल्या काळात तो एकदा धुतला गेला, एवढंच झालं. माप चुकलेलं नसतं, कापड आटलेलं असतं. पण शिवलेला कपडा आटला की त्याला इलाज उरत नाही, म्हणून हे पत्रक मीटरनं कापड घेणाऱ्यांच्या हातात पिशवीबरोबरच देतो.

कापड आटतं म्हणजे काय होतं

मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. नंतर रंगवताना, खळ देताना, इस्त्रीच्या रुळांतून काढतानाही कापड लांबीलाच ओढलं जातं. हा ताण खळीमुळे आणि कोरडेपणामुळे तसाच राहतो. कापड पाण्यात गेलं की सुती धागा पाणी पिऊन फुगतो. आडवा धागा जाड झाला की त्याच्यावरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला जास्त वळसा घ्यावा लागतो, आणि तेवढी लांबी कमी होते. म्हणून कापड उंचीला जास्त आणि पन्ह्याला कमी आटतं. कुडता खालून वर चढतो, छातीला मात्र तेवढा घट्ट होत नाही, त्याचं कारण हेच.

किती आटेल हे कापडावर अवलंबून आहे. काही शर्टिंगच्या किनारीवर 'सॅन्फोराइझ्ड' छापलेलं असतं. ते कापड गिरणीतच दाबून आटवलेलं असल्यानं पुढे जेमतेम एखादा टक्का जातं. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर जास्त असेल तर आटण्याची फारशी काळजी नको. साधं सुती, मांजरपाट, मलमल, खादी, हातमागाचं कापड आणि रेयॉन मात्र भिजवल्याशिवाय कापायचं नाही. आठवडी बाजारातल्या गठ्ठ्यातून घेतलेल्या कापडाची किनार कोरी असते, तेव्हा ते आटणारं आहे असंच धरून चाला.

आपल्या कापडाचा हिशेब आपणच काढा

यासाठी टेप आणि सुईदोरा पुरतो. मागे एका गुरुजींनी १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला घालायला नेहरू शर्टासाठी अडीच मीटर जाडं हातमागाचं कापड आणलं. सुदैवानं महिनाभर आधी आणलं. (हे काम बहुतेकजण १४ तारखेला आणतात आणि मग भिजवायला वेळ कुणाला नसतो.) आम्ही कापडाच्या मधोमध, किनारीपासून आत, ५० सेंटीमीटरचा चौकोन मोजला आणि चारही कोपऱ्यांवर रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घातला. पेनची खूण धुण्यात जाते किंवा फाकते, टाका जागचा हलत नाही.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत मोजलं. उभं अंतर साडेसत्तेचाळीस सेंटीमीटर भरलं, आडवं ४९. म्हणजे लांबीला ५ टक्के आणि पन्ह्याला २ टक्के गेलं. आता हे अंगावर लावून बघा. ४२ इंची उंचीतून दोन इंच गेले असते, २४ इंची बाहीतून सव्वा इंचाच्या आसपास, आणि ४४ इंची घेरातून जवळपास एक इंच. सैल शर्टाला घेरातला एक इंच चालून जातो. बाही मनगटाच्या वर गेली की मात्र शर्ट धाकट्या भावाचा वाटायला लागतो.

आम्ही तेच कापड दुसऱ्यांदा भिजवलं तेव्हा आणखी फक्त पाव सेंटीमीटर गेलं. बहुतेक सुती कापडाचं असंच होतं, मोठा हिस्सा पहिल्या धुण्यातच जातो. रेयॉन आणि सैल विणीची खादी यांना मात्र दुसरं भिजवणं सोडू नका, ती दुसऱ्या वेळीही जाणवण्याइतकी आटतात.

अडीच मीटरमधले साडेबारा सेंटीमीटर गेले तरी गुरुजींचा शर्ट निघाला, पण खिसा जोडून काढावा लागला. म्हणून सुती किंवा खादी घेताना कुडत्यामागे पाव मीटर जास्त घ्या. दुकानात आम्ही जास्त कापड फाडायला सांगतो तेव्हा काहींना वाटतं गल्ला भरतोय. हिशेब वर दिला आहे, ताडून बघा.

भिजवायचं कसं

फाडलेल्या दोन्ही टोकांना आधी हातानं मोठे धावते टाके घाला किंवा आमच्याकडे ओव्हरलॉक मारून घ्या. नाहीतर दोरे सुटून त्यांचा गुंता होतो आणि काठाची दोन-तीन बोटं पट्टी वाया जाते. मग कापडाची सैल घडी घालून पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात टाका. बादलीत कोंबलेलं कापड मध्ये कोरडं राहतं आणि ठिकठिकाणी वेगवेगळं आटतं.

पांढरं आणि कोरं सुती रात्रभर राहिलं तरी चालतं. रंगीत कापड अर्ध्या तासात काढा, कारण सुटलेला रंग त्याच पाण्यात बसून दुसऱ्या ठिकाणी डाग पाडतो. पाणी किती गरम? पुढे तो कपडा घरी जसा धुणार आहात, तसंच पाणी आत्ता घ्या. आत्ता थंड पाण्यातून काढलं आणि नंतर कढत पाण्यात टाकलं, तर राहिलेलं आटणं तेव्हा बाहेर येतं.

आटवायला साबण लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. खळ आणि वरचा रंग काढायला मात्र चमचाभर पावडर हवी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात फेस येत नाही म्हणून हात सैल सोडून साबण घातला जातो. मग त्याचा साका गडद कापडावर पांढऱ्या रेघा होऊन बसतो. जड पाणी असेल तर पावडर कमीच ठेवा. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत दोन भरल्या बादल्यांऐवजी तीन वेळा अर्धी-अर्धी घ्या, खळंगाळ जास्त नीट होते. शेवटचं पाणी निर्मळ असतं, ते दुसऱ्या कापडाला पहिलं म्हणून वापरता येतं.

पिळू नका. पिळलेल्या जागी धागे तिरके होतात आणि कापायला पसरलं की कापड चौकोनी राहत नाही. पाणी निथळू द्या आणि सावलीत, दोरीवर दोन्ही बाजूंना सारखं लोंबेल असं टाका. एका टोकाला चिमटा लावून अख्खं कापड खाली सोडलं, तर ओल्या वजनानं ते लांबीला परत ताणलं जातं आणि आटवल्याचा अर्धा फायदा जातो. थोडी ओल असतानाच, उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री फिरवा.

"धुतलं की नवेपणा गेला की हो!" हे आम्ही रोज ऐकतो. गेली ती खळीची चकाकी. ती पहिल्या धुण्यात जाणारच होती. शर्ट शिवून झाल्यावर घरीच कांजी करा, कडकपणा परत येतो.

अस्तराचं काय?

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. ब्लाउजचं वरचं कापड पॉलिस्टरचं, न आटणारं. आणि आतलं अस्तर साधं सुती. १४ इंची ब्लाउजमध्ये अस्तर ५ टक्के आटलं तर ते पाऊण इंचानं आखडतं, आणि वरचं कापड तेवढंच राहतं. मग शिवणीजवळ फुगे येतात, खालचा काठ आत वळतो, पाठ ओढल्यासारखी दिसते. इस्त्रीनं हे जात नाही. आमच्याकडूनही पूर्वी लग्नाच्या घाईत असे दोन ब्लाउज गेले होते. कोरं अस्तर आम्ही तसंच लावलं. दोन्ही उसवून नवं अस्तर घालून द्यावे लागले. तेव्हापासून दुकानातलं सुती अस्तर आम्ही ताग्यानंच भिजवून ठेवतो. तुम्ही बाहेरून अस्तर आणणार असाल तर ते वेगळं भिजवून आणा. साडीला लावायचा सुती फॉलही तसाच. फॉल आटला की नेसताना निऱ्यांचा खालचा काठ गोळा होतो.

रंग जाणारं कापड ओळखायचं कसं

मरून, गडद निळा, काळा आणि गडद हिरवा यांवर लक्ष ठेवा. कापडाचा कोपरा ओला करून तो पांढऱ्या ओल्या सुती फडक्यात ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा. फडकं स्वच्छ राहिलं तर प्रश्न नाही. रंग उमटला तर कापड एकटंच धुवा आणि पाणी बघत राहा. पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, तिसरं जवळजवळ साधं, असं झालं तर धाग्यात न मुरलेला वरचा रंग निघून गेला असं समजा. चौथं पाणीही पहिल्यासारखंच आलं तर त्या कापडाचा रंग पक्का नाही, तो पुढेही जात राहणार. अशा मरून कुडत्याला पांढरी पायपिंग लावायचा हट्ट धरू नका. आम्ही लावू, पण दुसऱ्या धुण्यात ती गुलाबी झालेली असेल.

मीठ किंवा तुरटी घातली की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात. मिठाच्या पाण्यात असताना रंग कमी सुटतो खरा. पुढच्या वेळी साध्या पाण्यात पावडर घालून धुतलं की तो पुन्हा सुटायला लागतो.

काय भिजवायचं नाही

रेशीम, जरीचं कापड, हिमरू, लोकरीचं सूटिंग. लोकरीच्या सूटिंगला आम्ही कापण्याआधी ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री मारतो, तेवढं पुरतं. बाकीची तिन्ही घरी बादलीत घालू नका.

कापड आणताना ते कसं भिजवलं हे सांगा: साध्या पाण्यात की गरम, एकदा की दोनदा. ते आम्ही मापाच्या वहीत लिहून घेतो. न भिजवलेलं सुती कापड तसंच शिवून हवं असेल तर बिलावर 'कोरं' असा शेरा मारतो आणि उंचीला दीड इंच जादा दुमडपट्टी आत ठेवतो. पुढे आटलं तर ती सोडून काही उंची परत मिळते, बाहीला मात्र तेवढी जागा ठेवता येत नाही. भिजवायला घरी जागा किंवा पाणी नसेल तर कापड आमच्याकडे चार दिवस आधी ठेवून जा.